घामोळ्यासाठी कडुनिंबाचं पाणी: पानं ओळखण्यापासून अंग टिपण्यापर्यंत

मे महिन्यात माझी नऊ वर्षांची भाची पुण्याहून आमच्याकडे अकोल्याला सुट्टीला आली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी होती. फ्रॉकची मागची बटणं काढून पाहिलं, तर मानेपासून दोन्ही खांद्यांच्या मधोमध मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या दाट उठल्या होत्या. "मावशी, नुसतं खाजत नाही गं, टोचतंय," असं ती म्हणाली. घामोळं ओळखायची ही चांगली खूण आहे. इतर पुरळ खाजतं, पण घामोळं टोचतं, आणि घाम सुटू लागला की जास्तच टोचतं.

आम्ही त्या संध्याकाळी घाईघाईनं जे केलं ते चुकलं. अंगणातल्या झाडाची पानं उकळली, नेहमीच्या आंघोळीइतक्या गरम पाण्यात तो काढा ओतला, तिला खसखसून आंघोळ घातली आणि वर खोबरेल तेल चोळलं. रात्री ती दोनदा उठून रडली आणि सकाळी पाठ आधीपेक्षा लाल झाली होती. पानं बरोबर होती, चूक पाणी आणि तेलात होती. त्यामुळे पुढं जे लिहिलं आहे त्यात पानांइतकाच भर पाण्यावर आणि आंघोळीनंतरच्या अर्ध्या तासावर आहे.

घामोळं म्हणजे काय होतं

घामाच्या ग्रंथीतून निघालेली बारीक नळी त्वचेवर उघडते. सतत घाम येऊन कातडी ओलसर राहिली की वरचा थर फुगतो आणि नळीचं तोंड बुजतं. घाम तयार होतच राहतो, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. तो कातडीच्या आतच झिरपतो आणि तिथं आग करतो. तोंड अगदी वरच्या थरात बुजलं तर दवबिंदूसारखे पारदर्शक, न खाजणारे फोड येतात. तान्ह्या बाळांच्या कपाळावर आणि मानेवर ते बरेचदा दिसतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप जातात. थोडं खोल बुजलं तर लाल, टोचणारं घामोळं येतं.

आता आमची चूक समजते. गरम पाण्यानं अंग तापलं, घाम आणखी सुटला, आणि उरलेली तोंडं तेलानं झाकली गेली.

कडुनिंबाबद्दलही सरळ सांगते. बुजलेली घामाची तोंडं काढा उघडत नाही. कातडी काही दिवस गार आणि कोरडी राहिली की वरचा थर झडतो आणि ती आपोआप उघडतात. कडुनिंबाच्या पानांचा अर्क काही जंतूंना आणि बुरशीला आवर घालतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून खाजवून सोललेल्या जागेसाठी आपल्याकडे त्याचा आधार घेतात. पण बादलीतला फिका काढा म्हणजे औषध नव्हे. ज्याची पाठ टोचते आहे त्याला पंधरा मिनिटं गारसर पाण्यात निवांत बसवण्याचा तो एक जुना, घरातला मार्ग आहे, आणि त्या पंधरा मिनिटांचा उपयोग खराच होतो.

आधी झाड ओळखा

कडुनिंब सगळ्यांना माहीत असतो असं वाटतं, पण शहरात वाढलेल्यांची दोन झाडांशी गफलत होते. एक कढीपत्ता. त्याला कित्येक घरांत कढीलिंब म्हणतात, त्यामुळे नावातच घोटाळा आहे. कढीपत्त्याचं पान चुरगळलं की फोडणीचा वास येतो, त्यामुळे तो लगेच कळतो. दुसरं झाड बकाण निंब. रस्त्याच्या कडेला, सरकारी वसाहतींत ते पुष्कळ दिसतं. त्याची फळं विषारी असतात आणि त्याची पानं आंघोळीला वापरायचं काही कारण नाही.

फरक असा पाहा. कडुनिंबाच्या एका दांडीला दोन्ही बाजूंनी थेट पानंच लागलेली असतात, पिसासारखी. बकाणाच्या मुख्य दांडीला आधी छोट्या दांड्या फुटतात आणि पानं त्या छोट्या दांड्यांवर असतात. कडुनिंबाचं एकेक पान विळ्यासारखं थोडं वाकलेलं असतं आणि त्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. देठाशी पाहिलं तर पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक बाजू जरा रुंद असते. फुलं असली तर प्रश्नच मिटतो. कडुनिंबाची फुलं पांढरट असतात, बकाणाची जांभळट.

पाडव्याला आपण जी तांबूस, कोवळी पालवी आणतो ती प्रसादाला ठीक. आंघोळीच्या काढ्यासाठी पुरती हिरवी झालेली, जून पानं घ्या. फांदीच्या टोकाची नको, जरा आतली घ्या. वर्दळीच्या रस्त्यावरच्या झाडाच्या पानांवर धूर आणि धूळ बसलेली असते, आणि शेताच्या बांधावरच्या झाडावर शेजारच्या पिकाची फवारणी उडालेली असू शकते. अंगण, शाळेचं आवार, देवळामागचं झाड असं काही असेल तर बरं. पिवळी, ठिपके पडलेली, मागच्या बाजूला पांढरी कीड चिकटलेली पानं काढून टाका.

काढा

एका मोठ्या माणसाच्या एका आंघोळीला निवडलेल्या पानांच्या दोन मुठी पुरतात. वजनात म्हणाल तर साधारण 50 ग्रॅम. दहा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या निम्मी. जास्त पानं म्हणजे जास्त गुण, असं नाही. दाट काढ्यानं सोललेली जागा चुरचुरते आणि कातडी कोरडी पडते. नव्यानं करणाऱ्यांकडून गरम पाण्याखालोखाल हीच चूक होते.

पानं दांडीवरून ओरबाडून घ्या आणि चाळणीत दोन-तीनदा पाण्याखाली चोळून धुवा. पहिलं पाणी मातकट निघतं, ते निवळशंख होईपर्यंत धुवायचं. मग स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाणी घ्या, पानं घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर ठेवा. पाण्याला उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं मोजायची. पोपटी-हिरवी पानं हळूहळू मेंदीच्या रंगाची होतात आणि घरभर कडसर वास सुटतो. दहा मिनिटं झाली की गॅस बंद करा, पण झाकण काढू नका. तासभर तसंच राहू द्या. पाणी निवता निवता उरलासुरला अंश त्यात उतरतो.

तासाभरानं ते सुती कापडातून गाळा. चहाच्या गाळणीतून पानांचा चुरा खाली उतरतो, तो अंगाच्या घड्यांत अडकून खाज वाढवतो आणि न्हाणीघराची मोरीही तुंबते. गाळलेलं पाणी हिरवट-पिवळं, पातळ चहासारखं दिसायला हवं. काळपट हिरवं, दाट दिसलं तर पानं जास्त झाली. टाकून देऊ नका, त्यातलं निम्मंच वापरा.

काढा त्याच दिवशी संपवायचा. उन्हाळ्यात सकाळचा काढा दुसऱ्या दिवशी हाताला बुळबुळीत लागतो आणि त्याला आंबूस वास येतो. तसा वास आला की झाडाच्या बुंध्याशी ओतून टाका. फ्रीजमध्ये ठेवून तीन-तीन दिवस पुरवण्यापेक्षा रोज ताजी मूठभर पानं उकळणं सोपं आहे. झाड जवळ नसेल तर पानं सावलीत वाळवून ठेवा. वाळलेली पानं एकच मूठ घ्यायची आणि पंधरा मिनिटं उकळायची.

काढ्यात आणखी काही घालू नका. हळद, लिंबाचा रस, कापूर, खायचा सोडा, दुकानातलं जंतुनाशक द्रव, यातलं काही ना काही प्रत्येक घरी घालतातच. सोललेल्या कातडीवर लिंबू आणि कापूर झोंबतात. जंतुनाशक अंदाजानं ओतलं की त्यानंच वेगळं पुरळ उठतं. आणि कडुनिंबाचं बाजारातलं तेल ही तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ते काढ्याऐवजी पाण्यात घालू नका, घामोळ्यावर लावू नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते पोटात गेल्यानं लहान बाळांना झटके येऊन जिवावर बेतल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

पहिल्यांदाच वापरत असाल तर आदल्या दिवशी गाळलेल्या काढ्याचा कापसाचा बोळा कोपराच्या आतल्या बाजूला लावून वाळू द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत तिथं लाली किंवा खाज आली नाही तरच आंघोळीला घ्या.

पाणी

अकोल्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं, रात्री नऊलाही ते बरंच गरम असतं. नळ उघडून बादली भरली आणि "हे साधंच पाणी आहे" असं धरून चाललात तर फसाल. आम्ही आता सकाळी सहालाच बादली भरून न्हाणीघरात सावलीला झाकून ठेवतो. संध्याकाळपर्यंत ते पाणी अगदी बेताचं असतं.

पंधरा लिटरच्या बादलीत गाळलेला काढा ओता आणि कोपर बुडवून पाहा. गरम मुळीच वाटता कामा नये. फार गारही वाटू नये, पण किंचित गार लागलं तर हरकत नाही. बर्फाचं किंवा फ्रीजचं पाणी नको. क्षणभर बरं वाटतं, पण लहान मूल कुडकुडतं आणि तेवढ्यात आंघोळ आटोपती घ्यावी लागते. आपल्याला वेळ हवा आहे.

खाज सुटलेल्या माणसाला गरम पाण्याचा मोह फार होतो, कारण कढत पाणी अंगावर घेतलं की खाज तेवढ्यापुरती थांबते. ती दहा मिनिटांत दुप्पट होऊन परत येते. वडीलधारी माणसं सहसा ऐकत नाहीत, त्यांना एकदा दोन्ही तऱ्हेनं करून पाहू द्या.

बोअरवेलचं पाणी जड असेल तर आणखी एक अडचण असते. त्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरट साय होते आणि ती अंगावर चिकटून राहते. आपण फेस होत नाही म्हणून आणखी साबण लावतो. घामोळं असलेल्या जागी साबण पूर्ण बंद ठेवा. काखा, पाय, जिथं घामोळं नाही तिथं लावायचा असेल तर आधी लावून धुऊन टाका आणि मग कडुनिंबाचं पाणी घ्या.

पंधरा मिनिटं बसायचं कसं

पाण्यात आडवं होण्याइतका टब फार थोड्या घरांत असतो, आणि त्याची गरजही नाही. लहान मुलाला बाळाच्या टबात किंवा जुन्या घंगाळात बसवता येतं. पाणी कमरेपर्यंत असलं की पुरे, वरून मगानं हळूहळू ओतत राहायचं. मुलाजवळून क्षणभरही हलू नका, पाणी वीतभर असलं तरी. मोठ्या माणसानं पाटावर बसावं, बादली शेजारी घ्यावी आणि जुना सुती पंचा त्या पाण्यात बुडवावा. तो हलका पिळून पाठीवर, मानेवर, जिथं घामोळं आहे तिथं पसरून ठेवायचा. अंगाच्या उष्णतेनं दोन-तीन मिनिटांत पंचा कोमट होतो. कोमट झाला की पुन्हा बुडवायचा. असं पाच-सहा वेळा केलं की पंधरा मिनिटं होतात आणि पंधरा लिटर पाणी पुरून उरतं.

पाणीटंचाईच्या दिवसांत तेवढंही जमत नसेल तर तीन लिटर पाण्यात वाटीभर काढा घालून नुसता पंचाच ठेवा. कामाचा भाग तोच आहे.

चोळायचं नाही. घासणी, खडबडीत दगड, हरभऱ्याचं पीठ, सगळं बाजूला. पुटकुळ्यांची टोकं फुटली की घामोळ्याचं दुखणं लांबतं.

पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि मुलं ओंजळीनं तोंडात घेतात तिकडं लक्ष ठेवा. पंधरा मिनिटं झाली की साध्या पाण्याचे एक-दोन मग अंगावरून घ्या. कडू अंश हाताला राहिला आणि मुलानं बोट तोंडात घातलं तर पुढच्या वेळी ते आंघोळीलाच येत नाही. पंधरा मिनिटांच्या पुढं बसू नये. बोटांची टोकं सुरकुतली की समजा, कातडी पाणी पिऊन फुगली आहे, आणि घामाची तोंडं बुजायला ती फुगलेली कातडीच कारण असते.

आंघोळीनंतरचा अर्धा तास

मऊ, पातळ पंचानं अंग टिपायचं, पुसायचं नाही. पंचा अंगावर ठेवायचा, तळव्यानं दाबायचा, उचलायचा. मानेच्या घड्या, काख, स्तनांखालची जागा, मांड्यांच्या सांध्या, परकराचा नाडा रुततो ती कंबर, या जागा दोनदा टिपा. मग दहा मिनिटं पंख्याखाली तसंच उघडं बसू द्या. इथं सगळेजण घाई करतात. ओलसर अंगावर कपडा चढवला की मघाची पंधरा मिनिटं वाया गेली असं धरा.

तेल नको, दाट क्रीम नको, आणि घामोळ्याची पावडरही फासून नको. पावडर घामात भिजून तिचा लगदा होतो आणि घड्यांमध्ये त्याच्या वळ्या जमतात. फारच टोचत असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारं कॅलामाइन लोशन पातळ हातानं लावावं, ते वाळून जातं. शेजारणीला लागू पडलेली ट्यूब मात्र आणू नका. तिच्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि पुरळ मुळात बुरशीचं निघालं तर ते त्यानं आणखी पसरतं.

कपडे सैल आणि सुती. रात्री कूलर लावत असाल तर त्याच्या समोरची खिडकी उघडी ठेवा. हे आमच्या भागात फार महत्त्वाचं आहे. बंद खोलीत कूलर चालला की तासाभरात खोली दमट होते, चादर ओलसर लागते, घाम वाळत नाही. भाचीचं घामोळं कशानं आलं याचा विचार केला तेव्हा तेच कारण निघालं. धूळ येते म्हणून आम्ही खिडकी लावून घेत होतो.

तिचं घामोळं कसं गेलं

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळं बदललं. तेल बंद केलं, खिडकी उघडली, सकाळी नुसत्या साध्या पाण्याची आंघोळ आणि संध्याकाळी कडुनिंबाचं पाणी, तेही एक मूठ पानांचं. माझी आई पंचा बुडवून तिच्या पाठीवर ठेवायची आणि दोघी पाढे म्हणायच्या, म्हणजे वेळ मोजायला घड्याळ लागायचं नाही. पहिल्या संध्याकाळी पुरळ तसंच होतं, पण ती रात्रभर झोपली. तिसऱ्या दिवशी पाठीची लाली उतरली आणि पुटकुळ्या हाताला खरखरीत लागायला लागल्या. नवीन एकही आली नव्हती. बरं वाटू लागल्याची खरी खूण तीच, जुन्या जाण्याआधी नवीन येणं थांबतं. पाचव्या दिवशी खांद्यांवरची कातडी कोंड्यासारखी बारीक सुटली. त्या दिवसापासून कडुनिंब बंद केला, साधं पाणी चालू ठेवलं.

एवढंच करायचं. दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस. महिनाभर रोज कडुनिंबानं आंघोळ केली तर कातडी कोरडी पडते आणि मग त्या कोरडेपणाचीच खाज सुरू होते.

खाज आहे पण पुरळ नाही, तेव्हा गुलाब

माझ्या आईचे पाय नडगीवर हिवाळ्यात खाजतात. नखानं ओढलं की पांढरी रेघ उठते, पुटकुळी मात्र एकही नसते. ही कोरड्या कातडीची खाज. उतारवयात, दिवसभर एसीत बसणाऱ्यांना, थंडीत, ती फार सतावते. तिथं कडुनिंब नको. अशा वेळी आम्ही गुलाबाचं पाणी करतो.

फुलं घरच्या कुंडीतल्या गावठी गुलाबाची हवीत, वासाच्या गुलाबी रंगाची. फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबांवर फवारणी झालेली असते, हारातली फुलं दिवसभर रस्त्यावर असतात. चार-पाच फुलांच्या पाकळ्या सोडवून घ्या, खालचा हिरवा भाग आणि मधले पिवळे केसर काढा. पाकळ्यांच्या बुडाशी बारीक किडे बसतात, म्हणून दोनदा पाण्यातून काढा. गुलाब उकळायचा नाही, उकळला की वास उडतो आणि पाणी तपकिरी होतं. एक लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, मग पाकळ्या घाला, झाकण ठेवा. अर्ध्या तासात पाकळ्या फिक्या पडतात. गाळून बादलीत ओता. हे पाणी कोमट चालेल, पण बसायचं दहाच मिनिटं.

या पाण्यानं खाज जाते असं मी म्हणणार नाही. पाकळ्यांतला अंश फार सौम्य असतो, वासानं मन निवतं आणि आई साबण न लावता बसायला तयार होते, हा तिच्याबाबतीतला मोठा फायदा. खरा उपयोग त्यानंतरच्या तीन मिनिटांत आहे. अंग अर्धवट टिपून, कातडी दमट असतानाच खोबरेल तेल लावायचं, म्हणजे आत गेलेलं पाणी आतच राहतं. घामोळ्यात जे तेल घात करतं तेच इथं औषध आहे. म्हणून आधी पाठीवर किंवा पायावर बोट फिरवून पाहा. लाल ठिपके हाताला लागले आणि टोचतात असं सांगितलं, तर कडुनिंब, गार पाणी, तेल नाही. नुसता खरखरीत कोरडेपणा लागला, तर गुलाब, कोमट पाणी, वर तेल.

बाटलीतलं गुलाबपाणी वापरायचं असेल तर त्यावर काय लिहिलंय ते वाचा. बरेचदा त्यात सुगंधी द्रव्य मिसळलेलं असतं आणि खाजणाऱ्या कातडीला कृत्रिम सुगंध सोसत नाही.

हे घामोळं नसेल तर

गोल चकंदळ, कड उठलेली आणि मधे साफ, अशी खाज जांघेत किंवा कमरेवर असेल तर तो नायटा. तो पाण्यानं जाणार नाही, त्याला बुरशीचं औषध लागतं. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुटकुळ्या, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असेल तर खरूज समजा. तिच्यावर घरातल्या सगळ्यांना एकदमच औषध घ्यावं लागतं. अंगावर जाड गांधी उठून तासा-दोन तासांत जागा बदलत असतील तर ते पित्त आहे. त्यात ओठ, डोळे सुजले किंवा श्वास लागला तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा. ताप येऊन पाण्यानं भरलेले फोड आले, त्यातले काही ताजे आणि काही सुकलेले असे एकाच वेळी दिसले, तर कांजिण्या.

घामोळंच असलं तरी फोडांत पू दिसला, जागा दुखायला आणि गरम लागायला लागली, ताप आला किंवा चार-पाच दिवसांत नवीन पुटकुळ्या येणं थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. तान्ह्या बाळाला काढ्याची आंघोळ घालू नका, त्याला साधं पाणी आणि कमी कपडे पुरतात. बाळाला ताप असेल तर घरी काहीच करत बसू नका. गरोदर बाईनं आणि ज्यांना आधीपासून इसब किंवा सोरायसिस आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच कडुनिंब वापरावा. आणि कडक उन्हाच्या दिवसांत अंगभर घामोळं असलेल्या माणसाला घाम येईनासा झाला, चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली, तर प्रश्न कातडीचा राहिलेला नाही. त्याला सावलीत निजवा, अंग ओल्या कापडानं पुसत राहा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

भाची जाताना वहीच्या पानांत दाबून कडुनिंबाची एक डहाळी पुण्याला घेऊन गेली, सोसायटीतलं झाड कडुनिंबाचं आहे की बकाणाचं ते ताडून पाहायला. दोन दिवसांनी फोन आला. "मावशी, आमच्याकडच्या झाडाला दांडीवर दांड्या आहेत." म्हणजे बकाण. तिच्यासाठी आम्ही आता पानं सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरून ठेवली आहेत.